मुंग्या म्हणजे पावती नव्हे

व्यायामापूर्वी पाण्यात कालवून घ्यावयाची ‘प्री-वर्कआउट’ नावाची जी रंगीत, आंबटगोड भुकटी हल्ली जिमला जाणाऱ्या तरुणांच्या पिशवीत हटकून सापडते, तिच्याविषयीची एक समजूत माझ्या दवाखान्यात येणाऱ्यांच्या मनात अशी काही ठाण मांडून बसली आहे की ती उठवता उठवत नाही. भुकटी घेतल्यावर गाल, कान, मान आणि हातांच्या पाठी मुंग्या आल्यासारख्या चुणचुणू लागल्या म्हणजे ती ‘लागू पडली’. आणि चुणचुण झाली नाही, तर एकतर डबा बनावट किंवा मात्रा अपुरी!

ही चुणचुण बीटा-अ‍ॅलनीन या द्रव्याची. एका वेळी सुमारे 800 मिलिग्रॅमहून अधिक पोटात गेले की ते त्वचेतील संवेदनावाहक मज्जातंतूंना चाळवते, आणि पंधरा-वीस मिनिटांत सुरू झालेला हा प्रकार तासा-दीड तासात आपोआप विरतो. ती निरुपद्रवी आहे, एवढे भयभीत होणाऱ्यांनी ध्यानी घ्यावे. पण तिचा स्नायूंच्या सामर्थ्याशी काडीइतकाही संबंध नाही, हे हर्षभरित होणाऱ्यांनीही ऐकावे. बीटा-अ‍ॅलनीनपासून स्नायूंत कार्नोसीन तयार होते व श्रमाने वाढणारी आम्लता ते काही अंशी आवरते, हे खरे. परंतु हा साठा दररोज 3 ते 6 ग्रॅम, तेही निदान चार आठवडे नेमाने घेतल्यावरच वाढतो, आणि त्यानंतरचा अल्पसा लाभही मुख्यत्वे एक ते चार मिनिटे टिकणाऱ्या जोरकस श्रमांत दिसतो. आठवड्यातून तीन दिवस जिमला जाताना तेवढा एक चमचा घेणाऱ्याच्या पदरी बहुधा मुंग्याच पडतात.

मग त्याच दिवशी अंगात जो हुरूप संचारतो तो कशाचा? कॅफीनचा, म्हणजे कॉफीतल्याच उत्तेजकाचा. बाजारातील अनेक भुकट्यांच्या एका स्कूपमध्ये ते 150 ते 300 मिलिग्रॅम असते. इन्स्टंट कॉफीच्या एका कपात साधारण 60 ते 80.

एका सत्तावीस वर्षांच्या गृहस्थांची कैफियत अशी. कचेरीत दिवसाकाठी दोन कॉफ्या होत, आणि रात्री आठ वाजता जिमपूर्वी एक स्कूप. एके दिवशी भरल्या पोटी घेतल्यामुळे मुंग्या कमी आल्या, सबब त्यांनी दुसऱ्या दिवसापासून दोन स्कूप सुरू केले. डब्यावरील मजकूर मी त्यांच्याकडूनच मोठ्याने वाचवून घेतला : एका स्कूपमध्ये 200 मिलिग्रॅम कॅफीन. म्हणजे रात्रीचे 400 आणि कॉफीचे मिळून दिवसाचे पाचशेच्याही वर; वास्तविक निरोगी प्रौढासाठी दिवसभराची मर्यादा 400 आणि एका वेळची 200 मानली जाते. कॅफीनचा निम्मा अंश शरीराबाहेर पडण्यास सरासरी पाच तास लागतात. तेव्हा मध्यरात्री एक वाजता त्यांच्या रक्तात जवळजवळ तीन कप कॉफीचा ऐवज शिल्लक! झोप नाही, सकाळी ग्लानी, रक्तदाब वाढलेला, छातीत धडधड. आणि ग्लानी घालविण्यासाठी रात्री पुन्हा तोच डबा. ईसीजी निर्दोष निघाला, हे त्यांचे सुदैव. धडधडीविषयी पूर्वी का बोलला नाहीत, असे विचारता उत्तर आले, “जिमचे सर म्हणाले, सवय होईल.” त्या सरांना वैद्यकीचा परवाना कोणी दिला, हा माझा प्रश्न तूर्त अनुत्तरित आहे.

याहून वाईट म्हणजे मोबाईलवरच्या चित्रफिती पाहून ही भुकटी पाण्याविना कोरडीच तोंडात टाकण्याचे साहस : ठसका लागून ती श्वासनलिकेत जाऊ शकते. आणि ज्या डब्यावर घटकांची वेगवेगळी मात्रा न देता ‘खास मिश्रण’ म्हणून एकच आकडा छापलेला असतो, किंवा डीएमएए हे नाव आढळते, तो दुकानदाराला परत करावा. डीएमएए रक्तवाहिन्या आकुंचित करून रक्तदाब वाढवते आणि क्रीडास्पर्धांत ते निषिद्ध आहे.

ही भुकटी विकत घ्यावी का, याचा खुलासा माझ्यापुरता सोपा आहे : बहुतेकांना गरज नाही. साठ-पासष्ट किलो वजनाच्या निरोगी माणसाला व्यायामाआधी पाऊण तास घेतलेली दोन कप कडक कॉफी जवळपास तेच काम स्वस्तात करते, मात्र संध्याकाळनंतर तीही नको. रक्तदाब वा हृदयाच्या लयीचा विकार असणारे, गरोदर स्त्रिया आणि अठरा वर्षांखालील मुले यांनी या डब्याच्या वाटेसच जाऊ नये.

चुणचुण दोन्ही अंगांस सारखी असेल तर स्वस्थ बसा. पण एकाच बाजूचा हात बधिर पडला, तोंड वाकडे झाले, छातीत दुखले, नाडी अनियमित झाली, भोवळ आली किंवा ओठ सुजून श्वास कोंडला, तर घरी वाट न पाहता तडक रुग्णालय गाठावे, आणि जाताना डबा बरोबर न्यावा. ज्यांना ही सवय जडली आहे त्यांनी मात्रा आठवड्याभरात उतरवीत न्यावी. एकदम सोडल्यास दोन-तीन दिवस डोके ठणकते, आणि त्या डोकेदुखीला ‘अशक्तपणा’ समजून पुष्कळजण पुन्हा डबा उघडतात.