टॅनग्राम: आधी माप, मग मांडणी

प्रश्न: टॅनग्रामचे दोन मोठे त्रिकोण बाजूला ठेवून उरलेल्या पाच तुकड्यांचा चौरस करायचा आहे. तासभर तुकडे फिरवूनही तो जमत नाही. हिशेबाने जमेल का?

उत्तर: जमेल. सुरुवात क्षेत्रफळापासून करावी. संचातल्या चौरसाची बाजू 5 सेंमी धरली, तर पाचही तुकड्यांचे क्षेत्रफळ मिळून 100 चौरस सेंमी होते. म्हणजे नव्या चौरसाची बाजू 10 सेंमी हवी.

आता कडा पाहाव्यात. या तुकड्यांच्या कडा 5, 10 किंवा साधारण 7.07 सेंमीच्या असतात. 7.07ची कड बाहेरच्या बाजूवर ठेवली, तर जेमतेम 2.93 सेंमी उरतात आणि तेवढी कड कोणत्याच तुकड्याला नाही. त्यामुळे तिरक्या कडा आतच जाणार. मधल्या त्रिकोणाची 10 सेंमीची कड मात्र तळाला नेमकी बसते.

त्रिकोण तसा ठेवला की तळाच्या दोन्ही कोपऱ्यांत 45 अंशांची जागा उरते. डावीकडे लहान त्रिकोण त्याची लांब कड मधल्या त्रिकोणाला चिकटवून ठेवावा. उजवीकडे समांतरभुज चौकोनाची 7.07ची कड तशीच लावावी. लहान त्रिकोणाच्या वर चौरस बसतो. शेवटी उजव्या वरच्या कोपऱ्यात दुसरा लहान त्रिकोण जातो.

समांतरभुज चौकोनाचा कल उलटा दिसला, तर तो पालथा करावा. बाकीच्या कोणत्याही तुकड्याला पालथे करण्याची गरज पडत नाही.