व्ह्यूज आले कोठून? यूट्यूबच्या ‘ट्रॅफिक सोर्स’ अहवालाचे वाचन

कृषी विज्ञान केंद्रे, विद्यापीठांचे विस्तार विभाग आणि अनेक प्रगतिशील शेतकरी आज यूट्यूबवर स्वतःचे चॅनेल चालवितात. व्हिडिओ किती वेळा पाहिला गेला, हा आकडा मासिक अहवालात आवर्जून नोंदविला जातो. तो कोणत्या मार्गाने पाहिला गेला, याची नोंद मात्र क्वचितच होते. एखाद्या शेतकऱ्याने अडचण आल्यावर स्वतः शोधून व्हिडिओ उघडणे आणि व्हॉट्सॲप गटात आलेल्या लिंकवर सहज बोट ठेवणे, या दोन्ही गोष्टी एकूण संख्येत सारख्याच मोजल्या जातात. विस्तारकार्याच्या दृष्टीने त्यांचा अर्थ वेगळा आहे. हा फरक ‘ट्रॅफिक सोर्स’ अहवालातून कसा ओळखावा, याचे विवेचन येथे एका उदाहरणाच्या आधारे केले आहे.

अहवाल कोठे सापडतो?

संगणकावर studio.youtube.com उघडून Content या यादीतून हवा तो व्हिडिओ निवडावा. त्यानंतर Analytics आणि त्यातील Reach या भागात जावे. तेथे How viewers find this video या शीर्षकाचा तक्ता दिसतो. त्याखालील See more दाबल्यास प्रत्येक मार्गापुढे व्ह्यूज, पाहण्याचा एकूण वेळ आणि पाहण्याचा सरासरी कालावधी यांचे रकाने येतात. वरच्या कोपऱ्यातून तारखांचा कालावधी प्रथम निश्चित करावा. वेगवेगळ्या कालावधींच्या आकड्यांची तुलना करणे हीच पहिली चूक ठरते.

या तक्त्यातील चार मार्ग मुख्य आहेत. YouTube search म्हणजे यूट्यूबच्या शोधपेटीत शब्द टाकून आलेले प्रेक्षक. Suggested videos म्हणजे दुसरा व्हिडिओ पाहताना त्याच्या शेजारी किंवा त्यानंतर सुचविलेल्या व्हिडिओवरून आलेले प्रेक्षक. व्हिडिओच्या वर्णनात दिलेल्या लिंकवरून आलेलेही यातच मोजले जातात. Browse features म्हणजे यूट्यूबचे मुखपृष्ठ, सदस्यत्व घेतलेल्या चॅनेलांची यादी अशा ठिकाणी चित्र दिसल्यामुळे आलेले प्रेक्षक. External म्हणजे यूट्यूबबाहेरील संकेतस्थळे व ॲप यांवरून आलेले प्रेक्षक. ज्यांचा मार्ग ओळखता येत नाही, ते Direct or unknown या नावाखाली जातात.

एक उदाहरण

समजा, एका केंद्राने ‘सोयाबीन बियाण्याची उगवणक्षमता चाचणी’ हा सहा मिनिटांचा व्हिडिओ 20 मे रोजी प्रसारित केला. घरच्या बियाण्यातील 100 दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावेत, सात-आठ दिवसांनी उगवलेले दाणे मोजावेत आणि उगवण 70 टक्क्यांपेक्षा कमी आढळल्यास बियाण्याचे प्रमाण वाढवावे, असा त्याचा आशय आहे. दाणे मोजण्याची प्रत्यक्ष कृती व्हिडिओत दोन मिनिटांनंतर सुरू होते.

पुढील आकडे केवळ समजावून सांगण्यासाठी घेतले आहेत. पहिल्या 28 दिवसांत 4,000 व्ह्यूज झाले. त्यांपैकी External चे 2,200, Browse features चे 800, Suggested videos चे 500, YouTube search चे 300 आणि किरकोळ मार्गांचे 200. वरवर पाहता निष्कर्ष सोपा वाटतो : निम्म्याहून अधिक प्रेक्षक बाहेरून आले, शोधून येणारे अत्यल्प, म्हणून लिंक पाठविण्यावरच भर द्यावा. हा निष्कर्ष घाईचा आहे.

प्रथम सरासरी कालावधी पाहावा. शोधातून आलेल्यांनी सरासरी 3 मिनिटे 40 सेकंद व्हिडिओ पाहिला, तर बाहेरून आलेल्यांनी 1 मिनिट 10 सेकंद. दाणे मोजण्याची कृती दोन मिनिटांनंतर येत असल्यामुळे बाहेरून आलेल्यांपैकी बहुसंख्य तेथपर्यंत पोहोचलेच नसावेत, असा अंदाज करता येतो.

External च्या आत पाहिल्याशिवाय निर्णय नको

तक्त्यातील External या शब्दावर क्लिक केल्यास बाहेरील ठिकाणांची स्वतंत्र यादी उघडते. येथेच बहुतेकांची गल्लत होते. कारण गुगलवर शोधून आलेला प्रेक्षक YouTube search मध्ये नव्हे, तर External मध्ये मोजला जातो.

या उदाहरणातील 2,200 व्ह्यूजची फोड अशी निघते : व्हॉट्सॲपवरून 1,600, सरासरी 50 सेकंद, गुगल शोधातून 350, सरासरी 3 मिनिटे 10 सेकंद, फेसबुकवरून 250, सरासरी 30 सेकंद. म्हणजे 1 मिनिट 10 सेकंद ही सरासरी प्रत्यक्षात कोणत्याच गटाची नाही. प्रश्न घेऊन आलेले आणि लिंकवर सहज टिचकी मारलेले प्रेक्षक एकत्र मिसळल्यामुळे ती तयार झाली आहे.

आता यूट्यूबवरील 300 आणि गुगलवरील 350 एकत्र धरले, तर स्वतः शोधत आलेल्यांचे व्ह्यूज 650 होतात. अत्यल्प वाटलेला गट दुपटीहून मोठा निघाला, आणि दोन्ही ठिकाणच्या या प्रेक्षकांनी निम्म्याहून अधिक व्हिडिओ पाहिला.

शोधशब्द काय सांगतात?

YouTube search वर क्लिक केल्यास प्रेक्षकांनी टाकलेले शब्द दिसतात. त्यांचे वाचन शेतकऱ्याच्या बोलीशी ताडून करावे. व्हिडिओच्या शीर्षकात ‘उगवणक्षमता चाचणी’ असेल आणि यादीत ‘घरचे सोयाबीन बियाणे कसे तपासावे’ किंवा रोमन लिपीतील soyabin biyane ugavan असे शब्द असतील, तर तेच शब्द शीर्षकात व वर्णनाच्या पहिल्या ओळीत आणणे योग्य ठरते.

प्रत्येक शोधशब्दापुढील सरासरी कालावधीही पाहावा. ‘सोयाबीन बाजारभाव’ या शब्दावरून आलेला प्रेक्षक दहा-पंधरा सेकंदांत परत गेला, तर त्याला हवे ते येथे नव्हते. ‘सोयाबीन बीज अंकुरण परीक्षण’ असे हिंदी शब्द दिसले आणि कालावधी अल्प असेल, तर भाषेची अडचण संभवते. अशा वेळी हिंदी उपशीर्षके देण्याचा विचार करावा. फार कमी वेळा वापरले गेलेले शब्द यूट्यूब दाखवीत नाही, त्यामुळे यादीची बेरीज एकूण संख्येशी जुळली नाही तरी ती चूक समजू नये.

सूचना आणि मुखपृष्ठ

Suggested videos वर क्लिक केल्यास कोणत्या व्हिडिओंवरून प्रेक्षक आले, हे कळते. तेथे स्वतःच्याच चॅनेलवरील बीजप्रक्रियेचा व्हिडिओ दिसला, तर शेतकरी एका विषयावरून दुसऱ्या विषयाकडे क्रमाने जात आहे असे समजावे व त्या क्रमाने प्लेलिस्ट तयार करावी. इतरांचे व्हिडिओ दिसल्यास ते कोणत्या विषयाचे आहेत, हे पाहून पुढील विषय निवडता येतो.

Browse features चे व्ह्यूज बहुधा पहिल्या काही दिवसांत येतात व नंतर ओसरतात. त्यातून विषय कालबाह्य झाला, असा अर्थ काढू नये. यूट्यूबने किती वेळा चित्र दाखविले आणि त्यांपैकी किती वेळा ते उघडले गेले, याचे आकडे Impressions आणि Impressions click-through rate या रकान्यांत मिळतात. व्हॉट्सॲपवर दिसलेले चित्र त्यात मोजले जात नाही. शिवाय शोधात चित्र पाहणाऱ्यास त्या विषयाची आधीच गरज असते, मुखपृष्ठावर तशी नसते. त्यामुळे या दोन मार्गांच्या टक्केवारीची परस्परांशी तुलना करू नये. एकाच मार्गाची तुलना जुन्या व नव्या व्हिडिओंत करावी.

दुसऱ्या हंगामाचा आकडा

हंगामी विषयाचा खरा निकाल पुढील वर्षी लागतो. याच उदाहरणात दुसऱ्या वर्षी 15 मे ते 30 जून हा कालावधी निवडला असता 1,900 व्ह्यूज दिसतात. यूट्यूब शोध 1,100, गुगल शोध 300, सुचविलेले व्हिडिओ 250, मुखपृष्ठ 150 आणि व्हॉट्सॲप 100. लिंक पुन्हा पाठविली गेली नाही, म्हणून तो ओघ आटला. शोधाचा ओघ मात्र हंगामाबरोबर आपोआप परत आला.

येथे आणखी एक गोष्ट तपासावी. YouTube search निवडून दिवसनिहाय आलेख पाहावा. शोधाचा चढ पहिल्या पावसानंतर आलेला दिसला, तर चिंतेची बाब आहे. चाचणीस सात-आठ दिवस लागतात. पेरणीची घाई सुरू झाल्यावर शोधणाऱ्याकडे तेवढा वेळ उरत नाही. न तपासलेले बियाणे पेरले जाते आणि उगवण फसल्यास दुबार पेरणीची वेळ येते. म्हणजे शोधातून येणारा शेतकरी उत्सुक असला तरी अनेकदा उशिरा येतो.

यावरून दोन मार्गांची कामे वेगळी होतात. ज्याला प्रश्न पडला आहे, त्याला उत्तर देण्याचे काम शोध करतो. ज्याला प्रश्न अद्याप पडलेलाच नाही, त्याला वेळेवर आठवण करून देण्याचे काम व्हॉट्सॲपची लिंक करते. म्हणून या केंद्राने लिंक पाठविणे बंद करू नये, तर ती मेच्या पहिल्या पंधरवड्यात पाठवावी. सोबतच्या संदेशात ‘आजच 100 दाणे मोजून ओल्या गोणपाटात ठेवा’ हे एक वाक्य लिहावे, म्हणजे व्हिडिओ 50 सेकंदच पाहिला गेला तरी मूळ कृती पोहोचेल. पुढील व्हिडिओत हीच कृती पहिल्या अर्ध्या मिनिटात दाखवावी.

अहवालाच्या मर्यादा

व्हिडिओची फाइलच व्हॉट्सॲपवर पाठविली गेल्यास ते पाहणे या अहवालात कोठेही नोंदले जात नाही. शेतकरी मेळाव्यात पडद्यावर शंभर जणांनी मिळून पाहिलेला व्हिडिओ एकच व्ह्यू धरला जातो. बाहेरून आलेल्या काहींची गणना Direct or unknown मध्येही होते. अलीकडच्या एक-दोन दिवसांचे आकडे अपुरे असू शकतात. आणि व्हिडिओ पूर्ण पाहणाऱ्याने चाचणी खरोखर केली की नाही, हे कोणताही रकाना सांगत नाही; त्यासाठी पेरणीनंतर गावभेटीत दहा-बारा शेतकऱ्यांना प्रत्यक्ष विचारणेच आवश्यक ठरते.

मासिक अहवालात एकूण व्ह्यूजशेजारी तीन नोंदी वाढविल्या तरी पुरेसे होईल : यूट्यूब व गुगल मिळून शोधातून आलेले व्ह्यूज, व्हॉट्सॲपवरून आलेले व्ह्यूज आणि या दोहोंचा पाहण्याचा सरासरी कालावधी. दोन हंगामांच्या अशा नोंदी शेजारी ठेवल्या, म्हणजे कोणता विषय शेतकरी स्वतः शोधतो व कोणता त्याच्यापर्यंत वेळेआधी न्यावा लागतो, हे ठरविता येते.