गोदामातली बॅटरी कोण खातं?

वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण पोत्यात भरून ठेवलेली हळद पावसाळ्यात ओल धरते ती धरतेच. म्हणूनच हिंगोली जिल्ह्यातल्या त्या गावातल्या एका गोदाममालकाने, म्हणजे प्रस्तुत लेखकाच्या मामांनी, थप्प्यांमध्ये तापमान आणि दमटपणा मोजणारे वायफाय सेन्सर बसवले. त्यातलाच एक घरच्या कोठीत लावला. घरचा दीड महिना सहज चालायचा. गोदामातले तीन आठवडेही तग धरत नव्हते. सेन्सर तेच, बॅटऱ्या एकाच खोक्यातल्या.

मामांचा संशय बॅटरीवर होता. लेखकाने गोदामातला सेन्सर घरी नेला आणि घरचा गोदामात आणला. दमणारा बदलला, दमवणारी जागा बदलली नाही! दोष सेन्सरमध्ये नव्हता, राउटरकडे होता. लिनक्सच्या लॅपटॉपवर दोन्हीकडे जोडून पाहिलं:

```
iw dev wlan0 link
```

घरी `dtim period` समोर ३ होतं, गोदामात १. `beacon int` दोन्हीकडे १००.

राउटर ठरावीक वेळाने ‘मी इथे आहे’ असा छोटा संदेश हवेत सोडतो, तो बीकन. १०० हा आकडा मिलिसेकंदांचा वाटतो, पण हे एकक १०२४ मायक्रोसेकंदांचं असल्याने दोन बीकनमधलं अंतर १०२.४ मिलिसेकंद भरतं. झोपलेल्या एखाद्या उपकरणासाठी राउटरकडे काही राखून ठेवलेलं असेल, तर त्याची खूण प्रत्येक बीकनमध्ये असते. सगळ्यांसाठी असलेले संदेश मात्र राउटर डीटीआयएम बीकननंतरच सोडतो. हा बीकन दर कितव्याला यायचा, ते `dtim_period` ठरवतं. १ असेल तर प्रत्येक बीकन डीटीआयएम, ३ असेल तर दर तिसरा. जोडलेलं राहून झोपणारं उपकरण साधारणपणे याच ठोक्याला डोळे उघडतं.

आता कागदावर हिशेब मांडू. सेन्सर दर वेळी ५ मिलिसेकंद जागा राहून १०० मिलिअँपियर घेतो आणि झोपेत ०.८, असं धरू. डीटीआयएम १ असताना सरासरी ५.६ मिलिअँपियर पडते, म्हणजे २६०० मिलिअँपियर-तासांची बॅटरी सुमारे १९ दिवस पुरते. ३ केलं की ४५ दिवस. १० केलं तर ८४. तिप्पट-दसपट लांबवूनही फायदा त्या पटीत का वाढत नाही? झोपेतला खर्च तसाच राहतो म्हणून.

ओपनडब्ल्यूआरटी असलेल्या राउटरवर बदल असा करता येतो (कॉन्फिगमधल्या विभागाचं नाव मूळचंच ठेवलेलं असेल तर):

```
uci set wireless.default_radio0.dtim_period='3'
uci commit wireless
wifi reload
```

नेट देणाऱ्यांकडून आलेल्या बऱ्याच राउटरमध्ये हे सेटिंग दिसतच नाही; तिथे स्वतःचा राउटर जोडणं हाच उपाय.

मामांना एवढ्यावर थांबवेना. “मग दहाच कर ना!” केलं. त्याच जाळ्यावरच्या भोंग्याला मोबाइलवरून दिलेला हुकूम सेकंदभर अडकू लागला आणि ॲपमध्ये उपकरण मधूनच ‘ऑफलाइन’ दिसू लागलं. सगळ्यांना उद्देशून मारलेली हाक डीटीआयएमपर्यंत अडून राहते आणि ॲपला तेवढा धीर नसतो. तेव्हा ३ वर परत यावं लागलं. बीकनचं अंतर वाढवायच्या फंदात मात्र पडूच नये, असं लेखकाचं ठाम मत आहे. ते सहसा रेडिओवरच्या सगळ्याच नेटवर्कना लागू होतं, आणि मग नव्या उपकरणांना राउटर सापडायला वेळ लागतो.

आकडे सुधारले तरी गोदामातले सेन्सर घरच्याइतके टिकेनात. कारण तिथल्या कॅमेऱ्यांच्या आणि टीव्हीच्या खोक्यांच्या हाका सतत चालू होत्या. अशा हाका साठल्या की डीटीआयएमनंतर सेन्सरला त्या संपेपर्यंत जागावं लागतं. वायफायला नुसतं वेगळं नाव देऊन भागत नाही. सेन्सरसाठी वेगळं नेटवर्क लागतं, नाहीतर हाका नव्या नावावरही पोचतात. शिवाय थप्पीमागे सिग्नल क्षीण असला की बीकन हुकतात आणि सेन्सर पुढच्याची वाट बघत जागा राहतो. म्हणून आधी राउटरची जागा बघावी.

आणि मूळ प्रश्न हा की थप्पीतल्या सेन्सरला हुकूम ऐकायची गरजच काय? ईएसपी३२सारख्या चिपला गाढ झोपेत टाकलं, तर ती जोडणी सोडून देते आणि डीटीआयएमचा संबंधच उरत नाही. दर १५ मिनिटांनी उठून तीन सेकंदांत आकडा पाठवायचा आणि त्या वेळात सरासरी १२० मिलिअँपियर लागतात असं धरलं, तर दिवसाचा खर्च सुमारे १० मिलिअँपियर-तास येतो. तीच बॅटरी आठ महिन्यांच्या वर जाते. तयार बोर्डवरचा दिवा आणि रेग्युलेटर मात्र झोपेतही वीज खातात, ते आधी मोजून घ्यावं. थप्प्यांतल्या सेन्सरना आता हीच पद्धत लावली आहे. डीटीआयएम ३ राहिलं ते भोंग्यापुरतं.