सिगारेट सुटली, पण खोकला का वाढला?

आमच्या कचेरीतील एका सहकाऱ्याने वीस वर्षांची सिगारेट एका दिवसात सोडली. पहिला आठवडा बरा गेला. दुसऱ्या आठवड्यात मात्र सकाळ-संध्याकाळ खोकल्याची उबळ येऊ लागली आणि तपकिरी झाक असलेला बेडका पडू लागला. ते म्हणाले, "ओढत होतो तेव्हा एवढा खोकला नव्हता. छातीला सवय झाली होती, ती मोडली म्हणून हे झालं." एके दिवशी त्यांनी एक सिगारेट ओढून पाहिली. खोकला खरोखरच दबला आणि व्यसन पुन्हा सुरू झाले. त्यांचा अनुभव खरा होता, पण त्यांनी काढलेला अर्थ उलटा होता. तो कसा, हे समजून घेऊ.

आपल्या श्वासनलिकेच्या आतील अस्तरावर अतिशय सूक्ष्म केस असतात. पाठ्यपुस्तकात त्यांना पक्ष्माभिका म्हणतात, आपण सोयीसाठी 'लव' म्हणू. अस्तराच्या एकेका पेशीवर असे सुमारे 200 केस असतात आणि प्रत्येकाची लांबी एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही कमी असते. लवेवर चिकट कफाचा पातळ थर पसरलेला असतो. श्वासाबरोबर आलेली धूळ व जंतू त्यात अडकतात. वाऱ्यावर भाताचे शेत डोलावे तशी ही लव सेकंदाला दहा-बारा वेळा हलते आणि तो थर हळूहळू घशाकडे ढकलते. तेथून आपण तो नकळत गिळून टाकतो. निरोगी माणसाची छाती अशी दिवसरात्र आपोआप झाडली जाते.

विडी-सिगारेटचा धूर या व्यवस्थेवर दोन बाजूंनी घाला घालतो. एकीकडे लव मंदावते, आखूड होते आणि काही ठिकाणी लव असलेल्या पेशीच नाहीशा होतात. दुसरीकडे कफ तयार करणाऱ्या पेशी वाढतात. म्हणजे कचरा वाढतो आणि झाडणारे हात कमी होतात. साठलेला कफ बाहेर काढायला मग खोकला हा एकच मार्ग उरतो. धूम्रपान करणाऱ्याला सकाळी उठल्याबरोबर खोकला येतो, तो रात्रभर साठलेल्या या कफामुळेच.

धूम्रपान थांबल्यावर पहिल्या एक-दोन दिवसांत रक्तातील कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघून जातो. लवेला मात्र अधिक वेळ लागतो. जी शिल्लक असते ती आधी जोमाने हलू लागते. जी गेली तिच्या जागी अस्तराच्या तळाशी असलेल्या मूळ पेशींपासून नव्या पेशी तयार होतात आणि त्यांवर नवी लव उगवते. हे काम काही आठवडे ते काही महिने चालते. या काळात जुना कफ सुटून वर येऊ लागतो, म्हणून खोकला वाढतो.

दुसरे कारण निकोटीनचे आहे. निकोटीन खोकल्याची संवेदना बोथट करते. ते थांबले की काही दिवसांतच ती संवेदना तीव्र होते आणि थोड्या कफानेही उबळ येते. आमच्या सहकाऱ्यांचा खोकला एका सिगारेटने दबला, त्याचे हेच कारण. छाती साफ झाली नव्हती, फक्त तक्रार गप्प बसवली गेली होती.

हा वाढीव खोकला सर्वांनाच येतो असे नाही. तो आला नाही म्हणजे सुधारणा होत नाही, असेही समजू नये. बहुधा काही आठवड्यांत तो उतरतो. पुढे वर्षभरात एकंदर खोकला व दम लागणे कमी होत जाते. कोमट पाणी वारंवार प्यावे आणि कफ येत असेल तर तो दाबणारे औषध मनाने घेऊ नये.

मात्र एक मर्यादा ध्यानात ठेवावी. लव पुन्हा उगवते, पण फुप्फुसातील वायुकोशांच्या भिंती एकदा फाटल्या की त्या पुन्हा जुळत नाहीत. धूम्रपान सोडल्याने तो नाश पुढे मंदावतो, झालेला भरून येत नाही. म्हणून दम लागू लागण्याची वाट पाहू नये.

आणखी एक सावधगिरी. आपल्याकडे क्षयरोगाचे प्रमाण मोठे आहे. खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला, तर 'सिगारेट सोडल्यामुळे असेल' असे म्हणून गप्प बसू नये. सरकारी दवाखान्यात बेडक्याची तपासणी मोफत होते, ती करून घ्यावी. बेडक्यात रक्त दिसले, संध्याकाळी ताप येऊ लागला, वजन घटले किंवा छातीत दुखू लागले, तर दोन आठवडेही थांबू नये. तपासणीत काही निघाले नाही, तर तो खोकला बरे होणाऱ्या छातीचा आहे असे मानून धीराने सोसावा. त्यासाठी पुन्हा सिगारेट पेटवणे म्हणजे नुकतीच उगवू लागलेली लव पुन्हा जाळणे होय.