दोन आरसे, एक वळण : अवकाशातील परावर्तन आणि परिवलन

आरशासमोर पुस्तक उघडून धरले, तर अक्षरे उलटी दिसतात. पण दोन सपाट आरसे काटकोनात, कडेला कड लावून उभे केले आणि त्यांच्या सांध्याकडे पाहिले, तर मधल्या प्रतिमेत तीच अक्षरे सुलटी, वाचता येण्याजोगी दिसतात. एका आरशाने उजव्याचे डावे झाले, हे सर्वांच्या परिचयाचे आहे. दुसऱ्या आरशाने ते पुन्हा उजवे का झाले, आणि झाले तर मूळ वस्तू आणि ही प्रतिमा यांत नेमका फरक काय उरला, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. त्याचे उत्तर नऊ अंकांच्या एका चौकटीत मिळते. त्या चौकटीला मॅट्रिक्स, म्हणजेच सारणी म्हणतात. प्रस्तुत लेखात आम्ही हा एकच धागा धरून पुढे जाणार आहोत.

प्रथम जागेची मांडणी करू. खोलीच्या जमिनीवर मधोमध एक बिंदू घ्यावा. तो आपला आरंभबिंदू. तेथून पूर्वेकडे x, उत्तरेकडे y आणि छताकडे z मोजावे. आता कोणत्याही बिंदूचे स्थान तीन संख्यांनी सांगता येते. आरंभबिंदूतून पूर्व-पश्चिम जाणारा एक उभा आरसा कल्पावा. त्याच्या प्रतलावर y शून्य असते. या आरशात पूर्व पूर्वच राहते, वरची दिशा वरच राहते, केवळ उत्तरेची दक्षिण होते. म्हणजे (x, y, z) हा बिंदू (x, −y, z) येथे जातो. खरा आरसा समोरच्याच वस्तूचे प्रतिबिंब दाखवतो. गणितातला आरसा दोन्ही बाजूंची अदलाबदल करतो, एवढा भेद लक्षात ठेवावा.

सारणी लिहिण्याची रीत सोपी आहे. पूर्वेकडील एक एकक, उत्तरेकडील एक एकक आणि वरचे एक एकक हे तीन बिंदू कोठे जातात ते पाहावे आणि ती उत्तरे अनुक्रमे तीन उभ्या स्तंभांत मांडावीत. या पहिल्या आरशाची सारणी A अशी येते :

```
     १   ०   ०
A =  ०  −१   ०
     ०   ०   १
```

आता दुसरा उभा आरसा. तोही आरंभबिंदूतून जातो, पण नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे, म्हणजे पहिल्याशी ४५° चा कोन करून. त्याच्या प्रतलावर x आणि y समान असतात. त्यात पूर्वेची उत्तर होते आणि उत्तरेची पूर्व. (X, y, z) चे (y, x, z) होते. ही सारणी B :

```
     ०   १   ०
B =  १   ०   ०
     ०   ०   १
```

एखादा बिंदू आधी A मधून आणि मग B मधून नेला, तर काय घडेल? (x, y, z) प्रथम (x, −y, z) होतो आणि नंतर पहिल्या दोन संख्यांची जागा बदलून (−y, x, z) होतो. पूर्वेकडील एकक उत्तरेला गेले, उत्तरेकडील पश्चिमेला, वरचे जागीच राहिले. हे परावर्तन नव्हे. उभ्या अक्षाभोवती, वरून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने, ९०° चे परिवलन आहे :

```
      ०  −१   ०
BA =  १   ०   ०
      ०   ०   १
```

४५° च्या आरशांनी ९०° चे वळण दिले, हा योगायोग नाही. वरून पाहताना एखाद्या बिंदूची दिशा पूर्वेपासून θ कोनावर आहे असे मानू. पूर्वेच्या रेषेवरील आरसा तिला −θ वर नेतो. α कोनावरील आरसा कोणत्याही φ दिशेला २α − φ वर नेतो, कारण आरशाची रेषा मूळ आणि प्रतिमा यांच्या बरोबर मध्ये असते. म्हणून −θ ची प्रतिमा २α + θ वर पडते. मूळचा θ तसाच राहिला, त्यात २α ची भर पडली. एकमेकांना छेदणाऱ्या दोन आरशांतील लागोपाठची परावर्तने म्हणजे त्यांच्या छेदनरेषेभोवती, आरशांमधील कोनाच्या दुपटीइतके परिवलन होय. आरसे काटकोनात असतील तर वळण १८०° चे येते. सांध्यातली प्रतिमा म्हणजे जणू पुस्तकच उभ्या अक्षाभोवती अर्धा फेरा फिरून आपल्यासमोर आले आहे. म्हणून तिची अक्षरे सुलटी.

येथे लेखनाची एक बाब विद्यार्थ्यांना हमखास चकवते. आधी A आणि मग B केले, तरी गुणाकार BA असा लिहिला जातो, कारण बिंदूचा स्तंभ उजवीकडे असतो आणि त्याच्या लगतची सारणी त्याच्यावर प्रथम कार्य करते. क्रम उलटा केला, तर (x, y, z) प्रथम (y, x, z) आणि मग (y, −x, z) होतो. हेही ९०° चे परिवलन आहे, पण विरुद्ध दिशेने. त्यामुळे AB आणि BA एक नव्हेत. संख्यांच्या गुणाकारात क्रमाला महत्त्व नसते. सारण्यांच्या गुणाकारात ते असते, आणि ते असायलाच हवे, कारण ही चौकट कृतींचा क्रम नोंदवते. इंग्रज गणितज्ञ आर्थर केली याने १८५८ साली सारण्यांच्या सिद्धान्तावरील आपला निबंध प्रसिद्ध केला, तेव्हा तो लंडनमध्ये वकिली करून उपजीविका करीत होता. एकामागून एक केलेल्या रूपांतरणांचे एकच रूपांतरण कसे होते, हाच त्याच्या गुणाकाराच्या व्याख्येचा आधार आहे.

आता संपूर्ण आकृतीची प्रतिमा काढू. चार शिरोबिंदूंचा एक घनाकार, म्हणजे चतुष्फलक घेऊ : आरंभबिंदू O, तसेच P (३, १, ०), Q (१, २, ०) आणि R (१, १, २). आकृतीत अगणित बिंदू असले, तरी ते सारे हलवावे लागत नाहीत. रेषीय रूपांतरणात रेषाखंडाची प्रतिमा रेषाखंडच असते. P आणि Q यांच्या मधोमध असलेला बिंदू त्यांच्या प्रतिमांच्या मधोमध जातो, एक तृतीयांश अंतरावरचा एक तृतीयांशावर. म्हणून केवळ शिरोबिंदू न्यावेत आणि ते पूर्वीच्याच रीतीने जोडावेत.

A नंतर : P (३, −१, ०), Q (१, −२, ०), R (१, −१, २).
त्यानंतर B : P (−१, ३, ०), Q (−२, १, ०), R (−१, १, २).

O दोन्ही वेळा जागीच राहतो. BA थेट वापरली, म्हणजे प्रत्येक (x, y, z) साठी (−y, x, z) लिहिले, तरी शेवटची ओळ तशीच येते. ही पहिली पडताळणी. दुसरी अंतराची : O पासून P चे अंतर १० चे वर्गमूळ होते आणि प्रतिमेतही तेवढेच आहे. आरसा किंवा वळण यांपैकी काहीही लांबी बदलत नाही. लांबी बदलली, तर कोठेतरी चिन्ह किंवा स्थान चुकले आहे असे समजावे.

पण चिन्हाच्या सर्वच चुका अंतराच्या पडताळणीत सापडत नाहीत. उजव्याचे डावे झाले की नाही, ते अंतर सांगत नाही. ते निश्चयक सांगतो. P, Q, R यांचे स्तंभ शेजारी मांडून निश्चयक काढला, तर मूळ आकृतीसाठी तो १० येतो; त्याचा सहावा भाग हे चतुष्फलकाचे घनफळ. A नंतर तो −१० होतो आणि B नंतर पुन्हा १०. घनफळ कायम राहिले, चिन्ह मात्र दोनदा पालटले. ऋण चिन्ह म्हणजे उजव्या हाताचा मोजा डाव्या हाताचा झाला. तो कितीही फिरवला तरी उजव्या हातात बसणार नाही. प्रत्येक आरशाचा निश्चयक −१ असतो आणि गुणाकाराचा निश्चयक हा निश्चयकांचा गुणाकार असतो. म्हणून सम संख्येने घेतलेले आरसे हात बदलत नाहीत, विषम संख्येने घेतलेले बदलतात. आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर एवढेच आहे.

अपरिचित सारणी समोर आली, तर तिची ओळख अशी पटवावी. तिन्ही स्तंभांची लांबी १ आणि ते परस्परांना लंब असतील, तर ती लांबी राखते. मग निश्चयक १ असल्यास ते परिवलनच असते. आरंभबिंदू स्थिर ठेवणाऱ्या अशा प्रत्येक हालचालीला एक अक्ष असतोच, हे ऑयलरने १७७५ साली मांडले. वळणाचा कोन मुख्य कर्णावरील तीन संख्यांच्या बेरजेतून मिळतो : ती बेरीज १ + २cos θ इतकी असते. BA मध्ये ती १ आहे, म्हणून cos θ शून्य आणि कोन ९०°. दिशा मात्र या बेरजेतून कळत नाही. AB ची बेरीजही १ च आहे. दिशेसाठी पूर्वेकडील एकक कोठे गेले, ते पहिल्या स्तंभात पाहावे.

या पद्धतीला एक मर्यादा आहे. आरसा आरंभबिंदूतून जात नसेल, तर नऊ अंकांची सारणी अपुरी पडते. x = ५ या भिंतीवरील आरसा आरंभबिंदूला (१०, ०, ०) येथे नेतो, आणि सारणी तर शून्याला शून्यावरच ठेवते. तेथे सारणीच्या जोडीला एक सरकणेही लिहावे लागते. केवळ दिशेचा प्रश्न असेल, तर ही अडचण नाहीशी होते, कारण आरसा कोठेही सरकवला तरी दिशा तशीच परावर्तित होते.

याचा उपयोग मोठा आहे. परस्परांना लंब अशा तीन आरशांचा कोपरा घ्यावा. (a, b, c) या दिशेने आलेला किरण तिन्हींवर आदळला, की त्याची एकेक संख्या चिन्ह बदलते आणि तो (−a, −b, −c) या दिशेने, म्हणजे आला त्याच दिशेला परततो. येथे तिन्ही सारण्यांचा क्रम कोणताही घेतला तरी चालतो, कारण प्रत्येक सारणी वेगळ्याच संख्येला हात लावते. १९६९ साली अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर असे शंभर काचेचे कोपरे एका चौकटीत बसवून ठेवले. पृथ्वीवरून पाठवलेला लेसर किरण त्यांवरून परततो आणि त्याला लागलेल्या वेळेवरून चंद्राचे अंतर मोजले जाते. चौकट तंतोतंत पृथ्वीकडे रोखलेली नसली तरी चालते. तीन ऋण चिन्हे आपले काम करतात.