सोळा मुलं, चार चौकोन आणि साडेसोळा हजार रुपये : सुरतच्या शाळेत हॉकी सुरू करताना

लिंबायत, उधना, पांडेसरा, डिंडोली या भागांत खानदेशातून आलेली मराठी कुटुंबं मोठ्या संख्येनं राहतात. त्यांच्या मुलांच्या शाळांत क्रिकेट आणि कबड्डी ठरलेली असतेच. हॉकीचा विषय निघाला की पहिली अडचण सांगितली जाते ती टर्फची, दुसरी पैशांची. नवशिक्या मुलांना टर्फ लागत नाही. पैसे लागतात, पण ते कशावर आणि कधी खर्च करायचे हे मुलं कोणत्या पायरीवर आहेत त्यावर ठरतं. पायरी न बघता सामान घेतलं, तर गोलकीपरचं भलंमोठं किट कपाटात पडून राहतं आणि मुलांच्या हातात मोठ्या माणसांच्या मापाच्या स्टिका येतात.

म्हणून एक नेमका हिशेब मांडतो. सहावी-सातवीची सोळा मुलं, पीटीचे एक सर, मातीचं मैदान आणि आठवड्यातून तीन तास. खालचे भाव हिशेबासाठी धरलेले आहेत. ब्रँड आणि दुकान बदललं की तेही बदलतील, म्हणून खरेदीआधी दोन ठिकाणांहून लेखी कोटेशन घ्या आणि जीएसटी धरून किंमत किती ते विचारा.

सर्वात मोठा खर्च स्टिकांचा. मुलांच्या मापाची साधी लाकडी स्टिक साधारण पाचशे रुपयांना धरली, तर सोळा आणि दोन जादा अशा अठरा स्टिकांचे नऊ हजार होतात. कंपोझिट स्टिक याच्या कितीतरी पट महाग असते आणि तिच्या कडकपणाचा फायदा जोरदार फटक्यात होतो. या मुलांना पहिले दोन-तीन महिने फटका मारायचाच नाही, त्यामुळे तो पैसा वाया जातो. डावखुऱ्या मुलासाठी वेगळी स्टिक मागू नका. हॉकीत स्टिकची सपाट बाजू एकाच दिशेला असते आणि नियमात डावखुरी स्टिक नाही. डावखुरी मुलंही याच स्टिकनं शिकतात, आणि वरचा हात डावाच असल्यामुळे मनगट फिरवणं त्यांना पुष्कळदा लवकर जमतं.

पैसे खरे वाया जातात ते मापात. स्टिक मुलाच्या पायाशेजारी उभी धरा. वरचं टोक कंबरेच्या हाडापाशी आलं पाहिजे. या वयाच्या वर्गात बहुतेकांना 32 ते 35 इंचांच्या स्टिका बसतात, पण मागवण्याआधी प्रत्येकाचं माप घेऊन यादी करा. 'मोठा होईल तेव्हाही चालेल' म्हणून 37 इंची घेतली, की वाकल्यावर दांड्याचं टोक पोटाला लागतं. मग मूल ताठ उभं राहतं, चेंडू पायांपासून दूर जातो आणि त्याला गाठण्यासाठी स्टिक फिरवली जाते. वर्गातल्या दुखापतींची सुरुवात बहुतेक वेळा इथूनच होते.

जुन्या स्टिका कुणी देत असेल तर घ्या, पण तपासून. धनराज पिल्ले पुण्याजवळच्या खडकीत, ऑर्डनन्स फॅक्टरीच्या वसाहतीत तुटक्या स्टिका दोरीनं बांधून आणि टाकून दिलेले चेंडू घेऊन खेळायला शिकले. ती त्यांची जिद्द होती. शाळेनं मात्र सोळा मुलांच्या घोळक्यात बांधलेली स्टिक देऊ नये. वाकड्या भागाच्या टाचेवरून आणि दांड्यावरून फडकं फिरवा. धागा अडकला तर तिथं ढलपी निघतेय. बारीक ढलपी घासून टेप लावता येते, पण आडवी चीर दिसली तर स्टिक बाद.

आता मैदान. प्रत्येकी दहा मीटर लांब-रुंद असे चार चौकोन दोन-दोनच्या ओळीत आखा आणि मध्ये तीन मीटरची मोकळी पट्टी ठेवा. एकूण जागा 23 गुणिले 23 मीटर लागते. एका चौकोनात चार मुलं. मधली पट्टी आखायला कुणी सांगत नाही, पण शेजारच्या चौकोनातल्या मुलाला स्टिक लागू नये म्हणून ती हवीच. सरांनी त्या पट्टीच्या मध्यावर उभं राहू नये, तिथून दोन चौकोन कायम पाठीमागे राहतात. बाहेरच्या कोपऱ्यावर उभं राहिलं की चारही चौकोन एका नजरेत येतात. चपट्या कोनांना तीनशे रुपये आणि चुन्याला शंभर धरा. गट ओळखायला बिब विकत घेऊ नका. कापड बाजाराच्या या शहरात दोन रंगांचे कटपीस कुणाच्या ना कुणाच्या घरी मिळतातच. ते कमरेला खोचले की काम झालं.

पहिल्या पायरीला हॉकीचा चेंडू घेऊच नका. नियमाप्रमाणे तो 156 ते 163 ग्रॅमचा आणि टणक असतो. त्याऐवजी उसळी मेलेले जुने टेनिस बॉल चालतात, आणि ते गल्लीत मिळतात. प्रत्येकाला एक चेंडू मिळतो, त्यामुळे रांगेत उभं राहण्यात तास जात नाही. डावा हात दांड्याच्या टोकाला, उजवा मध्यावर. चेंडू उजव्या पावलाच्या थोडा पुढे आणि बाहेर, स्टिकला चिकटलेला. चौकोनात चालायचं, मग हळू धावायचं, कुणाला धक्का लागू द्यायचा नाही. मधूनच सर हात वर करून बोटं दाखवतात आणि मुलांनी आकडा ओरडून सांगायचा. ज्याला आकडा सांगता येत नाही, तो अजून चेंडूकडेच बघतोय. चौघांपैकी तिघांना चेंडू न गमावता सांगता आला की पुढे जा.

पुढची पायरी डाव्या-उजव्या ड्रिबलची. चेंडू एकदा सरळ स्टिकनं डावीकडे ढकलायचा आणि स्टिक उलटी वळवून परत उजवीकडे आणायचा. हे वळवणं डाव्या मनगटाचं काम आहे. उजवा हात सैल ठेवायचा, म्हणजे दांडा त्यातून नळीतल्यासारखा फिरतो. बहुतेक मुलं दोन्ही हातांनी दांडा पिळतात. मग उजवं कोपर पंखासारखं वर जातं आणि चेंडूला स्टिकची गोल मागची बाजू लागते, जे नियमानं फाउल आहे. हे ओळखायला सोपा उपाय सांगतो. मुलाच्या उजव्या मुठीखाली दांड्यावर खडूनं एक उभी रेघ ओढा. बरोबर जमत असेल तर मूठ जागेवर राहते आणि रेघ आत-बाहेर होते. रेघ आणि मूठ एकत्र फिरत असतील, तर आवळलेला हात सैल करायला सांगा. मातीत चेंडू उडतो, त्यामुळे डावी-उजवी चाल दीड वीतभरच ठेवा. टर्फवरचे व्हिडिओ पाहून रुंद ड्रिबल करायला लावलं तर मुलांचं धैर्य खचतं, आणि त्यात त्यांचा दोष नसतो.

इथपर्यंत साधारण चार आठवडे जातात आणि खर्च होतो स्टिका, कोन, चुना आणि तीनशे रुपयांची ग्रिप टेप मिळून नऊ हजार सातशे. दुसरा हप्ता यानंतर, कारण आता टणक चेंडू येतो. दहा चेंडूंचे बाराशे, सोळा जोड शिन गार्डचे चार हजार, सोळा माउथगार्डचे सोळाशे, म्हणजे सहा हजार आठशे. एकूण साडेसोळा हजार, मुलामागे हजाराच्या थोडं वर. पैसे कमी पडले तर चेंडू कमी घ्या, पण गार्डवर काटकसर नको. शिन गार्ड शाळेचे असू शकतात. माउथगार्ड मात्र प्रत्येकाचा स्वतःचा, गरम पाण्यात मऊ करून दातांवर बसवायचा. तो पालकांनी घ्यावा, आणि ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी शाळेनं. शिन गार्ड नसलेल्या मुलाला टणक चेंडूच्या चौकोनात उभं करू नका, एका दिवसापुरतंही.

आता पुश पास. दोन मुलं पाच मीटर अंतरावर. डावा खांदा समोरच्या जोडीदाराकडे, पाय रुंद, गुडघे वाकलेले, स्टिक आधीच चेंडूला टेकलेली. मागच्या पायावरचं वजन पुढच्या पायावर आणत चेंडू ढकलायचा. परीक्षा कानांची आहे. 'ठक' आवाज आला तर मुलानं स्टिक मागे नेऊन मारलं, पुशला आवाज येत नाही. घेणाऱ्यानं स्टिक किंचित पुढे झुकवून जमिनीवर ठेवायची आणि चेंडू लागताना हात मागे द्यायचा. हात ताठ राहिले तर चेंडू परत उसळतो. दहातले सात पास थांबले की अंतर आठ मीटर करा.

मग तिघांविरुद्ध एक. त्याच चौकोनात तिघांनी चेंडू ठेवायचा आणि मधल्यानं तो काढायचा. सलग पाच पास झाले की मधला बदलतो. पास दिल्यावर जागेवरच उभं राहणारं मूल पुढचा पास अडवतं, कारण मधल्याला एकाच रेषेवर लक्ष ठेवावं लागतं. त्याला पास देताच शेजारच्या मोकळ्या बाजूला सरकायला सांगा. पाचपर्यंत आकडा कधीच जात नसेल तर चौकोन बारा मीटरचा करा, सहज जात असेल तर आठचा. सामान तेच राहतं आणि कठीणपणा फक्त चुन्यानं बदलतो. हे नीट जमल्यावर दोन विरुद्ध दोन, आणि मगच छोटे गोल.

स्टिकचे नियम मी पाचच ठेवतो, कारण जास्त झाले तर कुणी पाळत नाही. चौकोनात स्टिकचं टोक गुडघ्याच्या वर जाणार नाही. शिट्टी वाजली की स्टिक जमिनीला टेकवायची. चेंडू दुसऱ्या चौकोनात गेला तर मागे धावायचं नाही, हात वर करून मागायचा. चेंडू उचलायला डोकं खाली घालण्याआधी समोरच्याची स्टिक खाली आहे का बघायचं. ने-आण करताना स्टिक टोक खाली करून पायाशेजारी. गुडघ्याचा नियम पुस्तकातल्या नियमांपेक्षा कडक आहे आणि तो मुद्दाम आहे. दुसऱ्यांदा मोडणाऱ्याला शिक्षा नको, तो तास त्यानं टेनिस बॉलवर ड्रिबल करावं.

दात तुटून पडला तर तो मुळाला हात न लावता दुधात ठेवा आणि तासाभरात दंतवैद्याकडे पोहोचा. डोक्याला लागलं, तर मूल 'काही नाही सर' म्हणालं तरी त्या दिवशी खेळ बंद आणि पालकांना फोन.

खेल महाकुंभात नाव द्यायचं असेल तर ही सहा-आठ आठवड्यांची तयारी पुरेशी नाही, कारण तिथं फटका आणि गोलकीपर दोन्ही लागतात. गोलकीपरचं किट तेव्हा, चार शाळांनी मिळून घ्यावं. आणि जूनच्या आधी स्टिका पुसून, जमिनीपासून वर, भिंतीला न टेकता आडव्या ठेवा. सुरतेच्या पावसात ओल शोषलेलं लाकूड फुगतं, आणि जुलैमध्ये चीर गेलेल्या स्टिकचे पाचशे रुपये कोणतंही दुकान परत देत नाही.