पाण्यात दूध!

अंकासाठी एक फोटो निवडला होता. गेल्या जुलैतली सकाळ, आपल्या अंधेरीच्या हॉस्टेलचं गेट, गुडघाभर पाणी आणि मेसचे काका डोक्यावर दुधाचा क्रेट घेऊन येताहेत. फोटो झक्कास, पण कॅप्शन सुचेना.

मी रूमवर जाऊन म्हटलं, "एक भारी कॅप्शन द्या रे!" इथंच चुकलं. १४ ओळी आल्या आणि चौदाच्या चौदा विनोदी! 'भारी' म्हटलं की हॉस्टेलात सगळ्यांना पीजेच सुचतात.

दुसऱ्या दिवशी एका कागदावर नीट मागणी लिहिली: फोटोत काय दिसतं, तो कुठे छापायचा, जास्तीत जास्त आठ शब्द. खाली चार मूड: गंमत, आपुलकी, गंभीर, नुसती माहिती. प्रत्येकाने प्रत्येक मूडच्या दोन ओळी द्यायच्या, तेही शेजाऱ्याचं न बघता. (बघितलं की सगळे पहिल्याच्याच सुरात गातात.) शिवाय फोटोत न दिसणारी एक गोष्ट मी काकांना विचारून कागदावर टाकली. सहाचा चहा त्या दिवशी सव्वासहाला मिळाला होता.

आता चाळणी. 'पाण्यातून दूध आणणारे काका' ही ओळ लगेच गेली, कारण ते फोटोतच दिसतंय. गंभीर मूडमधली '२६ जुलै पुन्हा आठवला' ही ओळ मला आवडली होती. पण घाईत वाचणाऱ्याला फोटो २००५ चाच वाटला असता. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला होता, आमचं पाणी दुपारपर्यंत ओसरलं. फोटोपेक्षा मोठा दावा करणारी ओळ कितीही छान असली तरी खोटीच.

उरल्या दोन. गंमतीतली 'दुधात पाणी नव्हे, पाण्यात दूध!' आणि आपुलकीतली 'सहाचा चहा, त्या दिवशी सव्वासहाला.' मतं घेतली, तर पहिली सहज जिंकली. छापायला द्यायच्या आधी दोन्ही काकांना वाचून दाखवल्या. पहिलीवर ते हसले, मग क्रेट खाली ठेवत म्हणाले, "म्हणजे बाळा, एरवी मी दुधात पाणी घालतो का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही हसलो होतो ते शब्दांच्या उलटापालटीला, पण ओळीचा अर्थ काकांवर येत होता, आणि हा अंक स्टाफही वाचतो. मतदानात हे कळायला मार्ग नव्हता, कारण मत देणाऱ्यांपैकी कुणीच फोटोत नव्हतं.

दुसरी ऐकून काका म्हणाले, "सव्वासहा नाही, सहा वीस."

तेवढी दुरुस्ती करून ओळ छापायला दिली.